स्टॅटिन चालू, तरी एलडीएल ७८: पुढची गोळी कोणती?

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर एलडीएलच्या आकड्यापुढे बहुतेक वेळा ‘१०० पेक्षा कमी’ अशी मर्यादा छापलेली असते. आपला आकडा ७८ आला की घरचे सगळे निश्चिंत होतात. पण ज्याला एकदा हार्ट अटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसला आहे, त्याला ती छापील मर्यादा लागूच होत नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा अतिजोखमीच्या रुग्णाचं एलडीएल ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवं. त्याखालच्या जोखमीच्या गटासाठी, ज्यात मधुमेह आणि रक्तदाबाचे अनेक रुग्ण येतात, हीच रेषा ७० ची आहे.

हा लेख त्या ७८ वाल्यांसाठी आहे. स्टॅटिन नियमित चालू आहे, आकडा चांगला उतरलाही आहे, पण रेषेपर्यंत पोचलेला नाही. अशा वेळी डॉक्टर चिठ्ठीत इझेटिमाइब किंवा बेम्पेडॉइक ॲसिड लिहितात. ‘आणखी एक गोळी’ म्हणून रुग्ण नाराज होतो आणि दोन महिन्यांनी ती आपणच बंद करतो. ती का लिहिली, तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची आणि तिचा त्रास होतोय हे कसं ओळखायचं, एवढं समजलं तर निर्णय डॉक्टरांशी बोलून घेता येतो.

समजा, मोहनराव नावाचे ५८ वर्षांचे गृहस्थ आहेत. एसटीतून निवृत्त झालेले, दहा वर्षांचा मधुमेह, सहा महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आणि दोन स्टेंट. औषधं सुरू होण्यापूर्वी त्यांचं एलडीएल १६० होतं. आता रोझुवास्टॅटिन २० मिलिग्रॅम रोज घेऊन ते ७८ वर आलं आहे. जायचंय ५५ च्या खाली.

नवी गोळी जोडण्याआधी जुनी गोळी काम करते आहे का, हे पाहायला हवं, आणि त्यासाठी मूळ आकडा हाताशी लागतो. रोझुवास्टॅटिन २० किंवा ॲटोरवास्टॅटिन ४० यांच्या जोरदार मात्रेने एलडीएल साधारण निम्म्यावर यावं अशी अपेक्षा असते. मोहनरावांचं १६० वरून ७८ झालं, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्तच उतरलं. गोळी पोटात जाते आहे आणि तिचं काम ती करते आहे. हेच एलडीएल १६० वरून १३० वर येऊन अडलं असतं, तर मी दुसरं औषध लिहिण्याआधी औषधाची पट्टी बघायला मागितली असती. आठवड्यातून तीनदा घेतलेली गोळी आणि रोज घेतलेली गोळी यांतला फरक रिपोर्टमध्ये लपत नाही. पट्टी रिकामी होत असेल आणि तरीही एलडीएल हटत नसेल, तर थायरॉइडची तपासणी करावी. थायरॉइड मंदावलेलं असताना एलडीएल वर राहतं, आणि अशा वेळी स्टॅटिनमुळे स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. लघवीतून प्रथिन फार जात असेल तरीही असंच होतं. इथे एक बारीक खोच आहे: हार्ट अटॅकनंतरच्या काही दिवसांत एलडीएल आपोआप खाली येतं. त्यामुळे हॉस्पिटलात तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढलेल्या रक्ताचा आकडा मूळ आकडा म्हणून धरू नये. त्याआधीचा एखादा जुना रिपोर्ट घरात सापडला तर तो जास्त कामाचा.

गोळी काम करते आहे हे ठरल्यावर रुग्णाच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की मग हीच गोळी दुप्पट करू या. इथे स्टॅटिनचा एक स्वभाव माहीत असावा. पहिली मात्रा सर्वांत मोठं काम करते. त्यानंतर मात्रा दर वेळी दुप्पट केली की मूळ आकड्याच्या फक्त सहा टक्के आणखी उतरतात. मोहनरावांचं मूळ एलडीएल १६०, त्याचे सहा टक्के म्हणजे जेमतेम १०. म्हणजे गोळी दुप्पट केली तरी ७८ चे ६८ होतील, ५५ नाही. त्यातून रोझुवास्टॅटिन असेल तर आपल्यासाठी वेगळी अडचण आहे. आशियाई वंशाच्या लोकांत या औषधाची रक्तातली पातळी गोऱ्या लोकांच्या साधारण दुप्पट भरते. म्हणून युरोपात ४० मिलिग्रॅमची मात्रा आशियाई रुग्णांना देऊ नये असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. मात्रा वाढली की स्नायूंचा त्रास आणि साखर वाढण्याची शक्यता वाढते, आणि पदरात पडतात सहा टक्के. माझ्या मते २० वर असलेल्या माणसाने ४० च्या मागे लागू नये.

मग इझेटिमाइब. रोज १० मिलिग्रॅमची एक गोळी. तिची मात्रा कमी-जास्त करावी लागत नाही. सकाळी घ्या, रात्री घ्या, जेवणाआधी किंवा नंतर, फरक पडत नाही. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यावर लगाम घालतं, तर इझेटिमाइब लहान आतड्यात कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारं प्रथिन अडवतं. दोघांच्या कामाची जागाच वेगळी असल्याने ती एकमेकांच्या आड येत नाहीत. उलट, स्टॅटिनने यकृतातलं उत्पादन कमी केलं की शरीर आतड्यातून जास्त शोषायला लागतं. नेमकी तीच वाट इझेटिमाइब बंद करतं.

यावर हमखास येणारा प्रश्न असा: “डॉक्टर, मी माळकरी. अंडंसुद्धा खात नाही. माझ्या आतड्यात कोलेस्टेरॉल येतं कुठून?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की आतड्यात येणाऱ्या कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा ताटातून येतच नाही, तो यकृतातून पित्ताबरोबर खाली उतरतो आणि पुन्हा शोषला जातो. ताटातला वाटा त्या मानाने लहान. म्हणून इझेटिमाइब शाकाहारी माणसालाही लागू पडतं.

स्टॅटिनवर इझेटिमाइब जोडलं की उरलेलं एलडीएल साधारण २० ते २५ टक्क्यांनी उतरतं. ‘उरलेलं’ हा शब्द हिशोबात विसरू नका. मोहनरावांसाठी ते मूळच्या १६० चे नव्हे, आताच्या ७८ चे टक्के आहेत. त्यांना २२ टक्के उतार मिळाला असं धरलं, तर ७८ चे ६१ होतात. याच ठिकाणी मोहनरावांसारख्याच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं: ७८ वरून ५५ वर जायला ३० टक्क्यांचा उतार हवा, आणि एक इझेटिमाइब तेवढं देईलच असं नाही. आकडा ६६ किंवा ६८ असता, तर एकट्या इझेटिमाइबने बहुधा भागलं असतं.

एलडीएल उतरतं हे खरं, पण त्याने हार्ट अटॅक टळतात का? इझेटिमाइबच्या बाबतीत याचं उत्तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इम्प्रूव्ह-इट’ या चाचणीने दिलं. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा तत्सम त्रास होऊन गेलेले १८,१४४ रुग्ण तीत होते. अर्ध्यांना सिमवास्टॅटिन एकटं, अर्ध्यांना सिमवास्टॅटिन आणि इझेटिमाइब. एका गटाचं सरासरी एलडीएल ७० च्या आसपास राहिलं, दुसऱ्याचं ५४ च्या. सात वर्षांत पहिल्या गटात ३४.७ टक्के लोकांना मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात असं काही तरी गंभीर झालं, दुसऱ्यात ३२.७ टक्के लोकांना. म्हणजे ५० माणसांनी सात वर्षं गोळी घेतली तर एका माणसाचं संकट टळतं. हा फायदा नाट्यमय नाही, आणि तसा भासवूही नये. पण स्नायूंचा किंवा यकृताचा त्रास दुसऱ्या गटात वाढला नाही, कॅन्सर वाढला नाही, आणि मधुमेही रुग्णांत फायदा सरासरीपेक्षा ठळक दिसला. कमी त्रासाची, साधी, बऱ्याच वर्षांची जुनी गोळी म्हणून जोडीला पहिला मान इझेटिमाइबचाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिचे अपवाद थोडे आहेत. यकृताचा मध्यम किंवा तीव्र विकार असेल तर ती देत नाहीत. कोलेस्टिरामीनसारखी पित्त बांधणारी पावडर चालू असेल, तर इझेटिमाइब तिच्या निदान दोन तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यावं, नाही तर ती पावडर या गोळीलाही बांधून घेऊन जाते.

आता मोहनराव ६१ वर आहेत. इथे थांबायचं की पुढे जायचं? हा खरा विचाराचा मुद्दा आहे, आणि प्रत्येकाचं उत्तर एक नसतं. दहा वर्षांपूर्वी एक स्टेंट बसलेला, मधुमेह नसलेला, खर्चाची ओढाताण असलेला माणूस ६१ वर असेल, तर मी आधी खाणं, वजन आणि गोळ्यांचा नियमितपणा पाहून तीन महिने थांबेन. पण मोहनरावांना झटका येऊन सहाच महिने झाले आहेत, दोन रक्तवाहिन्यांना स्टेंट आहेत आणि मधुमेह आहे. त्यांनी पुढे जावं. पुढे म्हणजे बेम्पेडॉइक ॲसिड.

ही गोळी १८० मिलिग्रॅमची, दिवसातून एकदा. अमेरिकेत तिला २०२० च्या फेब्रुवारीत मान्यता मिळाली, आता ती आपल्याकडेही मिळते. कोलेस्टेरॉल तयार होण्याची यकृतात जी साखळी आहे, तिच्यात स्टॅटिन जिथे अडवतं त्याच्या थोडं आधी बेम्पेडॉइक ॲसिड अडवतं. तिचं वेगळेपण असं, की ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते आणि तिला जागं करणारं विकर यकृतात असतं, हातापायांच्या स्नायूंत नसतं. म्हणून स्टॅटिनने ज्यांचे स्नायू दुखतात त्यांना ती बहुधा सोसते. पण साखळी तीच असल्याने, वर स्टॅटिन जोरात चालू असेल तर हिला काम कमी उरतं. स्टॅटिन न घेणाऱ्यात ती एलडीएल २१ ते २४ टक्के उतरवते, स्टॅटिनवर जोडली तर १७-१८ टक्के. मोहनरावांच्या ६१ चे १७ टक्के म्हणजे १०. आकडा ५१ वर येतो आणि रेषा पार होते. क्रम उलटा केला असता, म्हणजे आधी बेम्पेडॉइक, तर ७८ चे ६५ झाले असते. एकेका गोळीचा विचार केला तरी इझेटिमाइब थोडं पुढेच राहतं.

या गोळीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तिने हृदयविकाराचे झटके कमी होतात हे २०२३ च्या ‘क्लिअर आउटकम्स’ चाचणीत दिसलं. त्यात १३,९७० रुग्ण होते, आणि साधारण साडेतीन वर्षांत गंभीर घटना १३.३ टक्क्यांवरून ११.७ टक्क्यांवर आल्या. मृत्यूंच्या एकूण संख्येत मात्र फरक पडला नाही. शिवाय हे रुग्ण स्टॅटिन न सोसणारे होते. त्यांच्यातले बहुतेक जण स्टॅटिन घेतच नव्हते, बाकीचे अगदी कमी मात्रेत घेत होते. मोहनरावांसारख्या, जोरदार स्टॅटिन घेणाऱ्या माणसात एलडीएल उतरतं हे चाचण्यांनी दाखवलं आहे. त्याने झटके टळतील हा अंदाज एलडीएलच्या उतारावरून बांधलेला आहे. अंदाज वाजवी आहे, पण इझेटिमाइबइतका थेट पुरावा त्यामागे नाही. म्हणूनही तिचा नंबर दुसरा.

बेम्पेडॉइक सुरू करण्याआधी दोन तपासण्या जरूर कराव्यात: युरिक ॲसिड आणि क्रिएटिनीन. मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर टाकणाऱ्या वाटेवर ही गोळी थोडी गर्दी करते, त्यामुळे रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं. ही वाढ पहिल्या महिन्यातच दिसते. ‘क्लिअर आउटकम्स’मध्ये गाऊटचा त्रास गोळी घेणाऱ्यांत ३.१ टक्के, न घेणाऱ्यांत २.१ टक्के होता. ज्याला पूर्वी कधी गाऊट झालाच नाही आणि ज्याचं युरिक ॲसिड साडेसहाच्या आत आहे, त्याने याची फार चिंता करू नये. पण ज्याचा पायाचा अंगठा एकदा तरी रात्रीतून लाल होऊन सुजला आहे, चादर लागली तरी ओरडायला झालं आहे, त्याने ही गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगावी. ‘ते जुनं झालं’ म्हणून रुग्ण ती सांगत नाहीत, आणि ती विचारायचं डॉक्टरांकडूनही राहून जातं. अशा माणसाला बेम्पेडॉइकऐवजी पुढे सांगितलेल्या इंजेक्शनचा पर्याय बरा.

क्रिएटिनीनही थोडं वाढतं, ०.९ चं १.० होण्याइतकं. तेही त्याच वाटेवरच्या गर्दीमुळे, आणि गोळी थांबवली की ते खाली येतं. एवढ्या वाढीने मूत्रपिंड बिघडलं असं समजून घाबरू नये. वाढ जास्त असेल तर मात्र कारण शोधावं. पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाणही त्या चाचणीत वाढलेलं दिसलं, १.२ वरून २.२ टक्के. खडे आधीच माहीत असतील तर गोळी सुरू करण्यापूर्वी सांगा. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ यायला लागली तर गोळीकडेही बोट दाखवा.

स्नायू हाडाला जिथे जोडलेले असतात त्या कंडरेला इजा होणं, हा तिसरा त्रास. टाचेच्या मागची जाड कंडरा किंवा खांद्यातली. सुरुवातीच्या चाचण्यांत हजारात पाच जणांना असं झालं. वय साठीच्या पुढे असेल, मूत्रपिंड निकामी झालेलं असेल, स्टेरॉइड चालू असेल, किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन-लिवोफ्लॉक्सॅसिन यांसारखं प्रतिजैविक घेतलं असेल, तर धोका वाढतो. आपल्याकडे जुलाब किंवा लघवीच्या जळजळीवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुकानातून सहज घेतलं जातं. बेम्पेडॉइक चालू असताना तसं करू नका. टाचेमागे अचानक दुखायला लागलं, सूज आली, चालताना ‘कट्’ असा आवाज आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

स्टॅटिनशी जमण्याचा प्रश्न राहिला. ॲटोरवास्टॅटिन आणि रोझुवास्टॅटिनबरोबर ही गोळी चालते. सिमवास्टॅटिन मात्र २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ती जोडायची नाही, कारण सिमवास्टॅटिनची रक्तातली पातळी तिच्यामुळे वाढते. जुन्या चिठ्ठीवर सिमवास्टॅटिन ४० वर्षानुवर्षं घेणारी माणसं अजून भेटतात. त्यांनी आधी स्टॅटिन बदलून घ्यावं. साखरेच्या बाबतीत मोहनरावांना दिलासा आहे, बेम्पेडॉइकने मधुमेह वाढत नाही. गर्भधारणेचा विचार असलेल्या तरुण स्त्रीने स्टॅटिन, बेम्पेडॉइक ही औषधं चालू आहेत हे आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावं.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घोटाळा औषधांच्या गुणांपेक्षा गोळ्यांच्या पट्ट्यांत होतो. आपल्या बाजारात रोझुवास्टॅटिन आणि इझेटिमाइब एकाच गोळीत मिळतं, बेम्पेडॉइक आणि इझेटिमाइबही एका गोळीत मिळतं. एकत्र गोळी सोयीची आणि बहुधा स्वस्त पडते, तिच्यामुळे नागाही कमी होतात. पण डॉक्टरांनी नवी एकत्र गोळी लिहिली आणि घरातली जुनी रोझुवास्टॅटिनची पट्टी संपायची आहे म्हणून रुग्ण दोन्ही घेत राहिला, तर स्टॅटिन दुप्पट होतं. मांड्या आणि दंड दोन्ही बाजूंनी दुखायला लागले, जिना चढताना जड वाटलं, लघवी गडद झाली, की आधी पट्ट्या मांडून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. उलटंही घडतं: बेम्पेडॉइक-इझेटिमाइबची एकत्र गोळी ‘नवी आणि भारी’ म्हणून घेतली जाते आणि स्टॅटिन सुटतं. ती एकत्र गोळी स्टॅटिनशिवाय एलडीएल साधारण ३६ टक्के उतरवते, मोहनरावांचं एकटं रोझुवास्टॅटिन निम्म्याहून जास्त उतरवत होतं. १६० चे ३६ टक्के वजा केले तर १०२ उरतात. स्टॅटिन सोडून ही गोळी घेणं म्हणजे ७८ वरून पुन्हा शंभरीच्या वर जाणं. ती अदलाबदल फक्त त्यांच्यासाठी, ज्यांनी निदान दोन वेगवेगळी स्टॅटिन, त्यातलं एक अगदी कमी मात्रेत, वापरून पाहिली आणि तरीही सोसली नाहीत.

नवी गोळी जोडल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल करावं. दोन्ही औषधांचा परिणाम तोवर पूर्ण दिसलेला असतो. त्यासाठी वर्षभर वाट पाहू नये. बेम्पेडॉइक असेल तर त्याच रक्तात युरिक ॲसिड आणि क्रिएटिनीन, आणि एकदा एसजीपीटी. शक्यतो तीच लॅब असावी. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर गणिताने काढलेलं एलडीएल विश्वासाचं राहत नाही. एलडीएल फार खाली गेलं असतानाही ते गणित थोडं कमी दाखवतं. त्यावेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा पाहावा. त्याचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त असतं, म्हणजे मोहनरावांसाठी ८५ च्या खाली.

इतकं सगळं करूनही आकडा ८०-९० वर असेल, किंवा सुरुवातीलाच १९० च्या पुढे असून घरात तरुणपणी हार्ट अटॅक आलेले असतील, तर गोळ्यांवर गोळ्या वाढवत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी पीसीएसके-९ रोखणारी इंजेक्शनं किंवा इन्क्लिसिरान यांचा विचार लवकर करावा. ती महाग आहेत, पण उरलेलं एलडीएल निम्म्यावर आणतात.

आकडा ५१ वर आला की मोहनरावांच्या घरून पुढचा प्रश्न ठरलेला: आता गोळ्या कमी करायच्या का? नाही. तीनही गोळ्या चालू आहेत म्हणून तो ५१ आहे. थांबवल्या तर काही आठवड्यांतच एलडीएल जुन्या पातळीकडे परततं. पुढच्या भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या, स्टॅटिन सुरू होण्यापूर्वीचा एखादा लिपिड रिपोर्ट आणि युरिक ॲसिडचा शेवटचा आकडा एका पिशवीत घालून सोबत न्या.